शेअर नाही, तरी लिस्टेड

पुणे महानगरपालिकेचा शेअर कुणालाही विकत घेता येत नाही. तरीही जून २०१७ मध्ये या पालिकेचे नाव मुंबई शेअर बाजाराच्या यादीत लागले. चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी पालिकेने दहा वर्षे मुदतीचे, ७.५९ टक्के व्याजाचे २०० कोटी रुपयांचे रोखे काढले आणि ते बीएसईवर नोंदवले. पालिका कंपनी नाही, त्यामुळे तिथे कुणाचा गोंधळ होत नाही. पण पाटीवर ‘लिमिटेड’ असलेल्या शेकडो कंपन्यांची स्थिती अगदी अशीच आहे. त्यांचे शेअर बाजारात नाहीत, मालकी एखाद्या बँकेकडे, उद्योगसमूहाकडे किंवा कुटुंबाकडे आहे आणि बाजारात नोंदलेले आहेत ते फक्त त्यांचे डिबेंचर किंवा बाँड. बँकांच्या वित्त कंपन्या, गृहकर्ज देणाऱ्या कंपन्या, एकेका महामार्गासाठी काढलेल्या कंपन्या, सोनेतारण कर्जवाले असे सगळे त्यात सापडतात. काही तर चक्क प्रायव्हेट लिमिटेड आहेत.

शेअर विकायचे नसताना बाजाराच्या नियमांत स्वतःला बांधून कोण घेईल? ज्याला मोठे कर्ज स्वस्तात हवे आहे तो घेतो. म्युच्युअल फंडांना लिस्ट न झालेल्या डिबेंचरमध्ये फारच थोडे पैसे घालता येतात. त्यांच्या दारात जायचे तर रोखे लिस्ट करणे ओघानेच आले. म्हणजे ही नोंदणी मोठ्या सावकारांसाठी असते. अलीकडे ती किरकोळ गुंतवणूकदारापर्यंत पोचली, कारण रोख्याची किमान किंमत खाली आली. खासगीरीत्या विकल्या जाणाऱ्या रोख्याची दर्शनी किंमत पूर्वी १० लाख रुपये असे. २०२३ पासून ती १ लाख झाली आणि २०२४ मध्ये काही अटींवर १० हजारांचीही मुभा मिळाली. आता मोबाइलवर ‘११ टक्के व्याज, बीएसई लिस्टेड कंपनी’ असा संदेश येतो. आपण कंपनीचे नाव शोधायला जातो, तर शेअरचा भाव कुठेच दिसत नाही. मग दोनच विचार सुचतात, एक तर विकणारा खोटे बोलतोय किंवा आपल्याला शोधता येत नाही. बहुतेक वेळा दोन्ही चूक असतात.

घोळात भर घालतो कायदा. कंपनी कायद्यात २०२१ च्या १ एप्रिलपासून असे ठरले की, ज्या कंपनीने फक्त खासगीरीत्या विकलेले अपरिवर्तनीय डिबेंचर बाजारात नोंदवले आहेत, शेअर नाहीत, ती त्या कायद्यापुरती ‘लिस्टेड कंपनी’ धरायची नाही. सेबीच्या नियमांत मात्र तीच कंपनी लिस्टेडच राहते आणि तिला निकाल, खुलासे, दाखले सगळे बाजाराला द्यावे लागतात. म्हणून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर ‘अनलिस्टेड’ दिसले, तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. कंपनीच्या २१ अक्षरी ओळख क्रमांकाचे, म्हणजे सीआयएनचे, पहिले अक्षर L असेल तर लिस्टेड आणि U असेल तर अनलिस्टेड, ही युक्ती अनेकजण सांगतात. शेअरपुरती ती ठीक आहे. रोख्यांच्या बाबतीत ती उपयोगाची नाही, कारण या कंपन्या वर्षानुवर्षे U घेऊनच बाजारात वावरतात.

खरी खूण आयसिनमध्ये असते. प्रत्येक रोख्याला, प्रत्येक शेअरला बारा अक्षरांचा एक आयसिन असतो. डीमॅट खात्याचे जे एकत्रित विवरण येते, त्यात तो छापलेला असतो. एक खरा आयसिन घेऊन पाहू.

`INE756I01012`

हा एचडीबी फायनान्शियल सर्व्हिसेस या एचडीएफसी बँकेच्या उपकंपनीच्या शेअरचा आहे. IN म्हणजे भारत. E म्हणजे कंपनीसारखी संस्था (म्युच्युअल फंडाच्या युनिटला इथे F असते). पुढची चार अक्षरे, 756I, ही त्या कंपनीची स्वतःची. म्हणजे सुरुवातीची सात अक्षरे, `INE756I`, या कंपनीच्या प्रत्येक कागदावर सारखीच असणार. त्यानंतरचे दोन आकडे कागद कसला आहे ते सांगतात. 01 म्हणजे शेअर, 07 म्हणजे डिबेंचर, 08 म्हणजे बाँड, 14 म्हणजे कमर्शियल पेपर. मग दोन अक्षरांचा अनुक्रम आणि शेवटी एक तपासणीचा आकडा. त्यामुळे विवरणात `INE756I07` अशी सुरुवात दिसली, तर आपण या कंपनीचे भागीदार नसून तिला कर्ज देणारे आहोत, हे कंपनीचे नाव न वाचताही कळते. 07 वाले बहुधा तारणाचे आणि 08 वाले बहुधा बिनतारणी असतात. पण हा केवळ शिरस्ता आहे. तारण आहे की नाही हे रोख्याच्या माहितीपत्रकातच पाहावे.

एचडीबीचे उदाहरण मी मुद्दाम घेतले, कारण ही कंपनी अनेक वर्षे या जातीतली होती आणि मग बाहेर पडली. तिचे डिबेंचर बीएसईवर, शेअर कुठेच नाही. मालकी ९४ टक्क्यांच्या वर एचडीएफसी बँकेकडे. सीआयएन U ने सुरू होणारा. पण शेअरला 01 चा आयसिन मात्र होता आणि इथेच लोक फसतात. आयसिन असणे म्हणजे डीमॅट स्वरूपात असणे, बाजारात नोंदलेले असणे नव्हे. अनलिस्टेड पब्लिक कंपन्यांनाही २०१८ पासून नवे शेअर डीमॅटमध्येच द्यावे लागतात, त्यामुळे 01 चा आयसिन त्यांच्याकडेही असतो. मधल्या काळात या कंपनीचे शेअर अनलिस्टेड शेअरच्या दलालांकडे विकले जात होते. भाव बाराशे रुपयांच्या वर होता. जून २०२५ मध्ये कंपनीने शेअर विक्रीला काढले, तेव्हा किंमत ठरली जास्तीत जास्त ७४० रुपये. २ जुलै २०२५ रोजी शेअर लिस्ट झाले आणि ८३५ ला उघडले. बाराशे देऊन घेतलेल्यांनी ‘कंपनी तर लिस्टेड होती’ म्हणून उपयोग नव्हता. लिस्टेड होते ते डिबेंचर. शेअरचा भाव त्या दिवसापर्यंत दलाल सांगतील तोच होता.

ती बाहेर का पडली, यालाही कारण आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मोठ्या वित्त कंपन्यांची वरच्या थरातली एक यादी काढली आणि त्या यादीतल्यांना तीन वर्षांत शेअर लिस्ट करायला सांगितले. टाटा कॅपिटलही त्याच रेट्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये शेअरबाजारात आली. तेव्हा ‘फक्त रोखे लिस्टेड’ ही अवस्था कायमची नसते. कंपनी शेअर लिस्ट करून तिच्यातून वर जाते किंवा शेवटचा रोखा फेडून यादीतूनच नाहीशी होते. गेल्या वर्षी सापडलेले नाव आज सापडले नाही, तर मुदत संपली का ते आधी पाहावे.

आता शोधायचे कुठे? सुरुवात आयसिनने करावी, नावाने नव्हे. मुथूट फायनान्स आणि मुथूट फिनकॉर्प ही जोडी घ्या. दोन्ही केरळच्या, दोन्ही सोनेतारणाच्या, दोघींच्या पाट्या महाराष्ट्रातल्या बाजारपेठांत दिसतात आणि दोन्ही जनतेला डिबेंचर विकत आल्या आहेत. पण पहिली कोचीची, तिचे शेअर २०११ पासून बाजारात आहेत. दुसरी तिरुअनंतपुरमची, वेगळ्या समूहाची आणि तिचे वर्षानुवर्षे फक्त डिबेंचरच बाजारात होते. नाव टाकून शोधले की पहिलीचा शेअरभाव समोर येतो आणि माणूस तो पाहून दुसरीचा रोखा घेतो. आयसिनमध्ये ही चूक होऊच शकत नाही. एकीचा `INE414G` ने सुरू होतो, दुसरीचा `INE549K` ने.

आयसिन हातात आला की दोन मोफत ठिकाणे पुरेशी आहेत. एनएसडीएलचे `indiabondinfo.nsdl.com` आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालेले `bondcentral.in`. तिथे आयसिन टाकला की रोखा कुणी काढला, व्याज किती, कोणत्या तारखांना, मुदत कधी संपते, मानांकन काय, विश्वस्त कोण आणि रोखा कोणत्या बाजारात नोंदला आहे, हे एका जागी मिळते. यातली बाजाराच्या नावाची ओळ आधी वाचावी. ती रिकामी असेल, तर विक्रेता काहीही म्हणो, तो रोखा लिस्टेड नाही. कंपनीचे इतर रोखे लिस्टेड असतील, पण तुमच्या हातातला नसेल, असेही घडते. २०२४ पासून नियम असा आहे की ज्या कंपनीचे डिबेंचर लिस्टेड आहेत, तिने नंतर काढलेले डिबेंचरही लिस्ट केले पाहिजेत. आधीचे जुने मात्र तसेच राहिलेले असू शकतात.

मग जायचे बाजाराच्या संकेतस्थळावर. बीएसईवर खासगी रोख्यांचे सहा आकडी कोड बहुधा 9 ने सुरू होतात, शेअरचे 5 ने. `bseindia.com` वर कंपन्यांच्या घोषणांच्या पानावर विभाग निवडायची जागा असते आणि ती आपोआप शेअरवर असते. ती बदलून डेट हा विभाग निवडल्याशिवाय या कंपन्यांचा एकही कागद दिसत नाही. शोधणाऱ्यांपैकी निम्मे इथूनच हात हलवत परत जात असावेत. एनएसईवर, `nseindia.com` च्या कंपनी खुलाशांच्या पानावर, Equity च्या शेजारी Debt असा वेगळा कप्पा असतो. तिथेही तेच.

कुणाला अशा कंपन्यांची पूर्ण यादीच हवी असेल, तर ती तयार करता येते. बीएसईच्या संकेतस्थळावरून चालू शेअरची आणि चालू रोख्यांची अशा दोन याद्या उतरवून घ्यायच्या. दोन्हींत आयसिनच्या शेजारी `=LEFT(A2,7)` हे सूत्र लावून पहिली सात अक्षरे वेगळी काढायची आणि रोख्यांच्या यादीतली जी सात अक्षरे शेअरच्या यादीत नाहीत ती ठेवायची. उरतात त्या फक्त रोखे लिस्टेड असलेल्या संस्था. त्यात नाबार्ड, महामार्ग प्राधिकरण, महापालिका अशा कंपनी नसलेल्या संस्थाही येतील, त्या हाताने काढाव्या लागतात. शेअर फक्त एनएसईवर असलेल्या कंपन्याही चुकून राहतात, म्हणून तिथली यादीही ताडून पाहावी.

यादी मिळाली, पान उघडले, आता वाचायचे काय? सगळे वाचायची गरज नाही. सगळ्यात उपयोगी कागद हा सगळ्यात लहान असतो. व्याजाची किंवा मुदलाची तारीख आली की एका कामकाजाच्या दिवसात कंपनीला बाजाराला दाखला द्यावा लागतो. पानभराच्या तक्त्यात आयसिन, देय रक्कम, देय तारीख, प्रत्यक्ष पैसे दिल्याची तारीख आणि न दिले असल्यास कारण, एवढेच असते. देय तारीख आणि दिल्याची तारीख एकच आहे का, एवढे पाहायचे. आपल्याच रोख्याचा दाखला पाहून थांबू नये, त्याच कंपनीच्या इतर आयसिनचेही मागचे चार-सहा दाखले चाळावेत. संकट आधी दुसऱ्या कुणाच्या तरी रोख्यावर दिसते.

दुसरा कागद तिमाही निकालाचा. तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत यायला हवा. त्याच्या शेवटी कर्ज आणि भांडवलाचे प्रमाण, नक्त मालमत्ता, व्याज फेडण्याची क्षमता अशी गुणोत्तरे कंपनीलाच मांडावी लागतात, आपल्याला गणित करावे लागत नाही. तारणाचे डिबेंचर असतील, तर तारण पुरेसे आहे का याचाही दाखला निकालाबरोबर असतो. तारीख उलटली आणि निकाल आला नाही, तर आत काय आकडे असतील याचा विचार करत बसू नये. उशीर हाच निकाल समजावा, असे माझे मत आहे.

तिसरा कागद मानांकन संस्थेचा. क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज यांच्या संकेतस्थळांवर मानांकनाची कारणे सविस्तर आणि मोफत मिळतात. शेवटच्या जोडपत्रात कोणत्या आयसिनला कोणते मानांकन आहे ते असते. विक्रेता अनेकदा कंपनीचे चांगले मानांकन दाखवतो आणि विकतो मात्र त्याच कंपनीचा कमी मानांकनाचा बिनतारणी बाँड. जोडपत्रात आपला आयसिन शोधला की हे उघडे पडते. मानांकनापुढे ‘कंपनी माहिती देत नाही’ असा शेरा असेल, तर ते मानांकन जुन्या माहितीवर उभे आहे, असे समजावे.

एवढी कागदपत्रे का चाळायची, तर या कंपन्यांना शेअरचा भाव नसतो म्हणून. शेअर लिस्टेड असलेल्या कंपनीत काही बिघडले की भाव घसरतो आणि रोखेवालाही सावध होतो. इथे ती धोक्याची घंटाच नसते. याचे सर्वात मोठे उदाहरण मुंबईतच घडले. वांद्रे-कुर्ला संकुलातली आयएल अँड एफएस ही कंपनी एलआयसी, स्टेट बँक, जपानची ओरिक्स अशा भागधारकांची होती. तिचे शेअर बाजारात नव्हते, डिबेंचर होते. भविष्य निर्वाह निधींचे, विमा कंपन्यांचे, म्युच्युअल फंडांचे पैसे त्यात होते. ऑगस्ट २०१८ च्या सुरुवातीला मानांकन ट्रिपल ए, म्हणजे त्याहून वर काही नाही. सप्टेंबरच्या मध्याला डी, म्हणजे पैसे बुडवले. १ ऑक्टोबरला सरकारने संचालक मंडळ हटवून उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली नवे मंडळ बसवले. तोवर कळले की समूहावर ९० हजार कोटींहून अधिक कर्ज आहे आणि उपकंपन्यांची संख्या तीनशेच्या वर आहे.

रोखेधारकाला आधी काय दिसू शकत होते? त्या काळी फक्त रोखे लिस्टेड असलेल्या कंपन्यांना निकाल सहा महिन्यांनी द्यावे लागत. म्हणजे मार्चचे आकडे आल्यावर पुढचे सप्टेंबरचे, आणि तेही संपल्यावर काही आठवड्यांनी. कंपनी बुडाली ती नेमकी या दोहोंच्या मध्ये. या प्रकारच्या कंपन्यांना तिमाही निकाल सक्तीचे झाले ते २०२१ नंतर. पण एक खिडकी तेव्हाही उघडी होती. समूहातल्या आयएल अँड एफएस ट्रान्सपोर्टेशन नेटवर्क्स या रस्ते बांधणाऱ्या कंपनीचे शेअर बाजारात होते आणि त्यांचा भाव २०१८ च्या सुरुवातीपासून उतरत होता. मूळ कंपनीला शेअरभाव नसेल, तर समूहातल्या ज्या कंपनीला तो आहे तिच्यावर डोळा ठेवावा, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

रोख्यालाच भाव असतो की, असे कुणी म्हणेल. असतो, पण त्यावर फार विसंबू नये. जनतेला विकलेले डिबेंचर बीएसईवर ‘एफ’ गटात शेअरसारखेच विकले-घेतले जातात, मात्र अनेकांचे दिवसच्या दिवस सौदे होत नाहीत. खासगीरीत्या विकलेल्यांचे सौदे आपापसात ठरून बाजाराला फक्त कळवले जातात. पडद्यावर दिसणारा शेवटचा भाव तीन आठवड्यांपूर्वीचा असू शकतो. भावाशेजारची तारीख पाहावी. मुदतीआधी विकावे लागले तर घेणारा मिळेलच असे नाही आणि ‘लिस्टेड आहे म्हणजे कधीही विकता येईल’ हे विक्रेत्याचे सर्वात चुकीचे वाक्य आहे.

पैसे अडकले तर जायचे विश्वस्ताकडे, म्हणजे डिबेंचर ट्रस्टीकडे. तारण त्याच्या नावावर असते आणि सर्व रोखेधारकांच्या वतीने वसुलीची कारवाई तोच करतो. या व्यवसायातल्या मोठ्या नावांपैकी कॅटलिस्ट ट्रस्टीशिपचे नोंदणीकृत कार्यालय पुण्यात कोथरूडला आहे. रोखा लिस्टेड असेल, तर सेबीच्या स्कोअर्स या पोर्टलवरही तक्रार करता येते.

रोखा मोबाइलवरच्या मंचावरून घेत असाल, तर तो मंच सेबीकडे नोंदलेला आहे का हे शेअर बाजारांच्या आणि सेबीच्या संकेतस्थळांवरच्या यादीत पाहा. विक्रेत्याकडून आधी बारा अक्षरी आयसिन लेखी मागून घ्या. ‘पैसे भरल्यावर देतो’ म्हणाला, तर पैसे भरू नका.